तुम्ही विचारलंत म्हणून: पोट साफ होत नाही आणि पाण्याचा तांब्या

"ताई, बद्धकोष्ठता असेल तर दिवसाला नक्की किती पाणी प्यायचं? चार लिटर प्यायलं तर चालेल ना, पाण्याने काय नुकसान होणारे?"

नाही चालत, आणि नुकसान होतं. घरातलं धडधाकट मोठं माणूस असेल तर चहा, ताक, आमटी सगळं धरून दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पोटात गेले की बहुतेकांना पुरतं, उन्हात राबणाऱ्याला जास्त लागतं, आणि हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, बस्स, एवढंच? मग मला पुढचं सगळं सांगावं लागतं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतेय.

लोकांना वाटतं वरून ओतलेलं पाणी सरळ खाली जातं आणि अडकलेलं भिजवून बाहेर काढतं. तसं होत नाही. आपण प्यायलेलं पाणी आणि आतले पाचक रस मिळून रोज आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात येतं, त्यातलं बहुतेक लहान आतडंच शोषून घेतं, मोठ्या आतड्यात साधारण दीड लिटर पोचतं आणि शौचावाटे फक्त शंभर-दोनशे मिली बाहेर जातं. तुम्ही एक लिटर जादा प्यायलात तर तेही वरच्या वर रक्तात शोषलं जातं आणि किडनी ते लघवीतून काढून टाकते. शौचाला मऊपणा येतो तो पाण्याला धरून ठेवणारं काहीतरी सोबत खाली गेलं तरच, म्हणजे भाजीचा, सालाचा, इसबगोलचा चोथा, नाहीतर डॉक्टर देतात ती पाणी धरून ठेवणारी पावडर. आणि शरीरात मुळातच पाणी कमी असेल तर मोठं आतडं आणखी पिळून घेतं, तेव्हा पाणी वाढवल्याचा फायदा होतो, पण तो तूट भरून निघेपर्यंतच.

आता आईचं. तिचं वय तेव्हा 71, मनगट मोडलं होतं, प्लास्टर, त्यात कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि संडास बंद. या दोन्ही गोळ्यांनी पोट धरतं, पण तिथे कोणाचं लक्षच नाही, जो तो पाण्यावर. मावशी रोज फोनवर, "ताई, पाणी वाढव गं, कोरडं पडलंय तुझं आतडं." शेजारच्या काकूंनी सांगितलं उठल्याउठल्या तांब्याभर कोमट पाणी, मग तासातासाला फुलपात्र. आई शिस्तीची, सांगितलं की करणारच. भूक नव्हती म्हणून जेवण म्हणजे तांदळाची पेज आणि मुगाचं पाणी, बीपीमुळे मीठ जवळजवळ बंद. आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, थायझाइड म्हणतात ते, ते घेणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचं सोडियम घसरतं हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत असतं. शिवाय जादा पाणी बाहेर टाकायला किडनीला जेवणातलं मीठ आणि प्रथिनं लागतात, नुसत्या पेजेवर ती तेवढं पाणी काढूच शकत नाही, ते अंगातच साठतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं.

आधी मळमळ आणि डोकं जड. त्यावर सल्ला आला की पित्त झालंय, पाणी प्या. रात्री चार-चारदा लघवीला उठायची, संडास मात्र नाहीच. मग एका सकाळी भाऊ उठून बघतो तर ती वरणाच्या पातेल्यात चहापूड घालत उभी, आणि त्याला मामाच्या नावाने हाक मारतेय. मी पुण्याहून निघून पोचेपर्यंत तिला फिट येऊन गेली होती. सोडियम 114 आलं, असायला हवं 135 ते 145.

आयसीयूत सलाईन थेंबथेंब चालू, मी विचारलं लवकर का भरत नाही, तर डॉक्टरांनी समजावलं की 24 तासांत सोडियम आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी रक्त काढायचे, प्लास्टर नसलेला एकच हात, तो सगळा काळानिळा. आणि पिण्याचं पाणी मोजून. ओठ सुकले होते, ती मला म्हणायची, "बाळा, घोटभर दे गं," आणि मी ओला कापूस ओठांना लावायचे. पाण्याने काय नुकसान होणार असं कोणी म्हणालं की मला तो कापूस आठवतो आणि मी चिडते, चिडणारच.

शेवटी बद्धकोष्ठतेचं काय निघालं? डॉक्टरांनी बोट घालून तपासलं तर गुदद्वाराच्या तोंडाशीच कडक गोळा अडकलेला. तिथे वरून कितीही पाणी ओतलं तरी पोचणार नव्हतं. एनिमा द्यावा लागला. मग बीपीची गोळी बदलली, लोहाची बंद केली, कॅल्शियमचा प्रकार बदलला आणि रात्री पावडरचं एक पाकीट पाण्यात विरघळवून सुरू केलं. पोट त्याने सुटलं.

आता तिचा दिवस असा आहे: उठल्यावर एक फुलपात्र पाणी, तीन कप चहा, दुपारी पेलाभर ताक, वरण-आमटीच्या दोन वाट्या आणि दिवसभरात आणखी चार फुलपात्रं पाणी. आमच्या घरच्या भांड्यांनी मोजलं तर 200 अधिक 300 अधिक 200 अधिक 300 अधिक 800, म्हणजे 1800 मिली. भाज्या-फळांतलं पाणी वेगळंच. चहाने शरीर सुकतं म्हणून तो धरायचा नाही असं सांगतात, पण नेहमी चहा पिणाऱ्याच्या बाबतीत तो पाण्यातच धरायचा. सकाळचं कोमट पाणी मी बंद केलेलं नाही, उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर आतडं हलतंच, त्या वेळी संडासला बसायची सवय तिला लागलीय, पण त्यासाठी तांब्या लागत नाही.

इथे माझ्यातलीच जुनी शिक्षिका उठून भांडते. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती, आम्ही बायका सकाळपासून पाणीच प्यायचो नाही, आणि बदली झाल्यावर पाणी वाढवलं तर माझं पोट सुधारलंच होतं की! हो, सुधारलं. कारण मी तेव्हा खरंच तुटीत होते. पण नव्या शाळेत नीट संडास होता, कळ आली की जाता यायचं, आणि कळ दाबून ठेवली तरी शौच आत सुकतं. मग गुण पाण्याचा की कडी असलेल्या दाराचा? ती म्हणते पाण्याचा, मी म्हणते दाराचा, आमचं अजून मिटलेलं नाही.

1998 साली इटलीत झालेल्या अभ्यासाचा दाखला लोक मला देतात, दोन लिटर पाण्याने फरक पडला म्हणून. पडला खरा, पण त्यातल्या सगळ्यांना रोज 25 ग्रॅम फायबर दिलं होतं आणि कमी पाणी पिणाऱ्या गटालाही गुण आला होता, पाण्यावाल्यांना जास्त. हे अर्धं कोणी सांगत नाही. इसबगोल घेत असाल तर मात्र पाण्यात काटकसर नको, दर वेळी मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगून अडकू शकतं.

आणि लघवी फिकट पिवळी असेल, तहान भागत असेल, तरी पोट साफ होत नसेल तर आणखी एक पेला पिऊ नका, गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली असेल तर त्याच आठवड्यात जा.