हजेरीवहीतला मंगळवार

२ जानेवारी, रात्री

संक्रांतीनंतर शिवणक्लास आठवड्यातून एकदाच घ्यायचा. गणवेशांचं काम हातात घेतल्यापासून मला दोन दिवस जमत नाहीत. आजवर मंगळवार आणि शनिवार, दुपारी २ ते ४ असा क्लास होता. आता यातला एक वार ठेवायचा, म्हणून आज जेवणं आटोपल्यावर जुलै ते डिसेंबरची हजेरीवही काढून बसले.

आधी सरळ हिशेब केला. सणवार वगळता २१ मंगळवार भरले आणि २२ शनिवार. नावं १८. मंगळवारी सरासरी १२ जणी आल्या, शनिवारी ११. एका बाईचा फरक म्हणजे फरकच नाही. कुणाच्या घरी पाहुणे आले तरी तेवढा पडतो. इथंच वही मिटली असती तर "सारखंच आहे, मला सोयीचा तो वार घेते" म्हणून मी मोकळी झाले असते.

मग वही आडवी वाचली. वारानुसार न मोजता एकेका बाईची ओळ धरली, मंगळवारी किती वेळा आली आणि शनिवारी किती वेळा आली. तेव्हा दोन्ही वार एकदम वेगळे दिसायला लागले. शनिवारी ११ जणी जवळजवळ कधीच चुकलेल्या नाहीत, अख्ख्या सहा महिन्यांत दोन-तीन खाडे. उरलेल्या सात जणी २२ पैकी तीन-चार शनिवारच आल्या. म्हणजे शनिवारचे ११ हे तेच तेच ११. मंगळवारी मात्र १८ जणींपैकी प्रत्येकीचे खाडे आहेत, कुणाचे पाच, कुणाचे नऊ, आणि दर वेळी चुकणाऱ्या वेगळ्या. आज ही नाही, पुढच्या खेपेला ती नाही.

शिवण शिकताना हा फरक फार महाग पडतो. एका दिवशी कटोरी ब्लाऊजचं कटिंग झालं की पुढच्या वेळी मुंढा आणि बाही लावायची असते. मधला दिवस चुकला की बाई हातात कापलेले तुकडे घेऊन बसते, आणि मी तिला मागचं सांगेपर्यंत बाकीच्या थांबतात. म्हणून बारा येतात की अकरा, याला तसा अर्थ नाही. लागोपाठ चार क्लास किती जणींना मिळतात, ते मोजायला हवं होतं. तसं मोजलं तर शनिवार पुढे आहे, पण सात जणींना सोडून. आणि त्या सात जणींच्याच घरी मशीन नाही.

त्या सातही रोजंदारीनं रानात जातात. शनिवार कामाचा वार. सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी, त्यामुळे ऑक्टोबरपासून तर त्यांची शनिवारची ओळ कोरीच आहे. मंगळवार आमच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी काम बंद, सकाळी मजुरीचा हिशेब होतो, आणि दुपारनंतर माणसं बाजाराला निघतात. म्हणून त्या मंगळवारी येऊ शकतात, आणि म्हणूनच मधेच चुकतातही.

बाजारच आडवा येतो का, हे कसं ओळखायचं? पहिल्यांदा वाटलं, ऑगस्टातले पावसाचे मंगळवार बघावेत. बाजार भरला नव्हता अशा तीन मंगळवारी १५, १६, १५ अशी हजेरी आहे. मला आनंद झाला. पण मग पावसाचे शनिवार पाहिले, तर तेव्हाही या सात जणींपैकी चार-पाच आलेल्या! पावसानं बाजार थांबतो तसं रानातलं कामही थांबतं, आणि घरात बसण्यापेक्षा सगळ्याच क्लासला येतात. म्हणजे तो पुरावा धरता येत नाही.

खरा उपयोग झाला तो वेळांचा. मशीन आठच आहेत, त्यावरून कुरबुर होऊ नये म्हणून मी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहीत आले होते. मंगळवारी ज्या आल्या त्या दोनच्या ठोक्याला हजर आहेत, पण साडेतीननंतर वर्ग अर्धा रिकामा. शनिवारी तसं नाही, चारपर्यंत सगळ्या. म्हणजे मंगळवार त्यांना नको नाही, मंगळवारचा शेवटचा अर्धा तास नको आहे. आणि ज्यांना बाजाराला लवकर निघायचं असतं, त्या अर्ध्या तासासाठी अख्खा दिवसच सोडतात. डिसेंबरात एक जण म्हणालीही होती, "ताई, मजुरी सकाळीच हातात पडती, मग बाजारापर्यंत मोकळंच असतंय. जरा आधी घ्या की." तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं होतं.

वार तोच ठेवून वेळ १२ ते २ करायची, इथवर येऊन थांबले होते. तरी मंगळवारचे तीन दिवस सुटत नव्हते, हजेरी ६, ७, ६. बाजार तर दर मंगळवारी असतो. शेजारच्या काकू कॅलेंडरवर नळाच्या तारखांना गोल करतात. मागच्या वर्षाचं त्यांचं कॅलेंडर मागून आणलं. तिन्ही दिवस पाण्याचे! आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो. आठवडा सात दिवसांचा, त्यामुळे पाण्याचा वार दर वेळी एकेक घर पुढे सरकतो आणि प्रत्येक वारावर आठ आठवड्यांतून एकदा पडतो. २४ आठवड्यांत तीन मंगळवार, तीन शनिवार. शनिवारच्या त्या ११ जणींचे बहुतेक खाडेही त्याच तारखांना निघाले. म्हणजे कुठलाही वार घेतला तरी पाण्यातून सुटका नाही. वार बदलून जो खाडा जात नाही, त्यासाठी वाराला दोष देत बसायचं कशाला. वेळापत्रक बिघडलं नाही तर तारीख आधीच कळते. तेवढा मंगळवार बुधवारवर ढकलायचा, मजुरीवाल्या चुकल्या तर त्यांचं कटिंग पुढच्या खेपेला आधी.

एका गोष्टीनं मात्र अजून झोप लागत नाही. वहीत ज्यांचं नाव आहे त्यांचंच मी मोजते आहे. जुलैत विचारून गेलेल्या आणि नाव न घातलेल्या चौघींची ओळच नाही. त्यातल्या दोघी शाळेत खिचडी शिजवतात, दोनपर्यंत अडकलेल्या असतात. तेव्हा दोनची वेळ त्यांना धावपळीची वाटली होती, आता बाराची तर पूर्णच बंद होईल. बाकी दोघींनी वेळेचं काही सांगितलं नव्हतं. उद्या चौघींच्याही घरी जाऊन विचारून येणार आहे. खिचडीवाल्या दोघींना खरंच शिकायचं असेल, तर त्यांना संध्याकाळी घरी बोलवीन. दोघींसाठी अठरा जणींची वेळ हलवता येत नाही, आणि त्यांना नुसतं "जमणार नाही" म्हणणंही मला पटत नाही.

आणखी एक. ही वही जुलै ते डिसेंबरची आहे. एप्रिल-मेमध्ये बाराच्या उन्हात पत्र्याखाली मशीनवर कुणी बसणार नाही, आणि त्या दिवसांचा एकही आकडा माझ्याकडे नाही. म्हणून हे ठरवणं फक्त होळीपर्यंत.

वहीत नवीन पान आखलंय. मंगळवार, १२ ते २. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि या वेळी एक जास्तीचा रकाना: पाणी. सहा मंगळवार झाले की त्या सात जणींच्या ओळी आधी बघायच्या. सातपैकी पाच जणींना लागोपाठ चार क्लास मिळाले असतील तर वेळ हीच. नाहीतर अकराची करून बघेन.