दशांशस्थळे मोजायला विसरलेला विद्यार्थी

सातवीत ०.३ गुणिले ०.४ चे उत्तर १.२ असे लिहिल्याबद्दल मी गणिताच्या सरांनी नेम धरून फेकलेला खडू खाल्ला होता. ‘आधी चिन्ह विसरून गुणा, मग दोन्हीकडची स्थळे मोजा,’ हे त्यांचे वाक्य. पुढे भोसरीतल्या एका कारखान्यात मोटारीचा वेग नियंत्रित करणारा प्रोग्राम लिहिताना मी तीच चूक द्विमान पद्धतीत केली.

आमच्या स्वस्त चिपला दशांश चिन्हाचे गणित येत नव्हते, तिला फक्त १६ बिटांचे पूर्णांक कळत. म्हणून पहिली बिट चिन्हाची आणि उरलेल्या १५ अपूर्णांकाच्या, असे आपणच ठरवून घ्यायचे. यालाच क्यू-१५ म्हणतात. त्यात एकाचे ३२७६८ भाग होतात आणि अर्धा म्हणजे १६३८४, पडद्यावर षोडशमान पद्धतीत `0x4000`. अर्ध्याला अर्ध्याने गुणल्यावर ३२ बिटांत `0x10000000` आले, मी वरच्या १६ बिटा उचलल्या आणि हाती आले `0x1000`, म्हणजे एक अष्टमांश. पाव यायला हवा होता.

सरांच्या पद्धतीने स्थळे मोजली असती, तर १५ आणि १५ मिळून ३० झाली असती. ३२ मधून ३० गेल्या की दोन बिटा उरतात, आणि त्या दोन्ही चिन्हाच्याच असतात. गुणाकार एक घर डावीकडे सरकवला की जादा चिन्हबिट गळते आणि वरच्या अर्ध्यात `0x2000`, म्हणजे बरोबर पाव मिळतो. अपवाद एकच, पण खोडकर : उणे एकला उणे एकने गुणून सरकवले, तर उत्तर पुन्हा उणे एक दिसते, कारण पूर्ण अधिक एक या पद्धतीत मावतच नाही. तिथे `0x7FFF` वर थांबवावे लागते.

खालच्या १६ बिटा टाकून देण्याचा परिणाम मात्र मला बराच उशिरा कळला. ही छाटणी शून्याकडे होत नाही, नेहमी खालच्या संख्येकडे होते. वेगाच्या आकड्यातले चढउतार सौम्य करणाऱ्या आमच्या गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, जुने मूल्य प्रत्येक फेरीत ०.९ ने गुणले जाई, त्यामुळे मोटार थांबल्यावर ते शून्यावर यायला हवे होते. धन मूल्य उतरत शून्यावर येई, ऋण मूल्य मात्र ३२७६८ पैकी उणे ९ भागांवर अडकून बसे, कारण उणे ८.१ छाटले की पुन्हा उणे ९. छाटण्याआधी टाकायच्या भागाच्या निम्मी भर घातली, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या वागू लागल्या. पण आता त्या अधिक ४ आणि उणे ४ वर अडकत. अखेर खालच्या बिटा न टाकता त्या पुढच्या फेरीसाठी जपून ठेवल्या, आणि मग थांबलेल्या मोटारीच्या वेगाचा आकडा शून्यावर आला.