शुक्रवार संध्याकाळ, सहा वाजता

आमच्याकडे थंडी पडली की शेतात भरीत पार्टी ठरलेलीच, आणि आता अवकाळीचं ढग येणंही ठरल्यासारखंच झालंय. 2023 च्या नोव्हेंबरात शेवटच्या रविवारी नाशिककडे गारपीट झाली तेव्हापासून आमच्या घरात नोव्हेंबर म्हटलं की आधी सगळे वर बघतात.

तरी एका वर्षी आम्ही मूर्खपणा केलाच. ऐंशी माणसं बोलावली, तारीख एकच, आणि "बघू रविवारी सकाळी" असं म्हणून ठेवलं. रविवारी सकाळी आठला पाऊस. तोपर्यंत बामणोदची 25 किलो वांगी ओट्यावर येऊन पडलेली, कळण्याचं पीठ दळलेलं, पुण्याचे पाहुणे रात्रभर बसमध्ये बसून भुसावळला उतरलेले, आणि काड्या भिजून नुसत्या धुरकटत होत्या. शेवटी वांगी गॅसवर भाजली, घरभर माणसं, आणि त्या भरताला काड्यांवरच्या भरताचा वास काही आला नाही ते वेगळंच.

मग पुढच्या वर्षी मी वही घेऊन बसलो आणि उलटं मोजत गेलो, म्हणजे पाऊस कधी येईल हे सोडून दिलं, आपली कोणती गोष्ट कधीपासून परत फिरवता येत नाही तेवढंच लिहिलं. वांगी शनिवारी सकाळी तोडतात, तोडली की आपलीच. आचाऱ्याला शुक्रवारी रात्रीपर्यंत "नाही" सांगितलं तर तो दुसरीकडचं काम धरतो. पाहुणे शनिवारी रात्री निघतात. मंडपवाला शनिवारी दुपारी बांबू टाकतो. सगळ्यात आधी अडणारं काम आचाऱ्याचं, त्यामुळे वेळ आपोआप निघाली, शुक्रवार संध्याकाळ सहा. त्याआधी ठरवायची घाईच नाही, कारण हवामान खात्याचा अंदाज जितका जवळचा तितका बरा, सोमवारी बघून रविवारचं ठरवणं म्हणजे नुसता जिवाला घोर.

नियमही आधीच लिहून ग्रुपवर टाकला: शुक्रवारी जिल्ह्याच्या अंदाजात शनिवार किंवा रविवार, दोन्हीपैकी कुठल्याही एका दिवशी विजांसह पाऊस असेल तर कार्यक्रम पुढच्या तारखेला. शनिवार कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. अहो, आमची जमीन काळी! रविवारी लख्ख ऊन पडलं तरी शनिवारच्या पावसाने शेतरस्ता गेलेला असतो, गाडी आत नेली की ट्रॅक्टर बोलवा.

पर्यायी तारीख दुसऱ्याच दिवशी ठेवायची नाही, हेही तेव्हाच समजलं. पश्चिमेकडून थंड हवेचा झोत येतो, अरबी समुद्रावरून ओल येते, दोन्ही भेटले की ढग दोन-तीन दिवस रेंगाळतात, वर माती वाळायला आणखी दिवस. म्हणून पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढचा घेतला, कारण मधल्या रविवारी नात्यात दोन हळदी होत्या. आणि ती तारीख पहिल्या निरोपातच टाकली, नंतर विचारत बसलो असतो तर ऐंशी माणसांची ऐंशी उत्तरं आली असती.

शुक्रवारी सहाला अंदाज उघडला, तर शनिवारी तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर पाव ठिकाणी, म्हणजे आपल्या शेतावर न पडण्याचीच शक्यता जास्त. मोठे काका लगेच म्हणाले, "तुले कुठे पाऊस दिसू ऱ्हायला? आभाळ तर निळं आहे." खरंच निळं होतं. मलाही पाच मिनिटं मोह झाला, पण शुक्रवारी रद्द केलं तर मंडपवाल्याचे हजार रुपये जातील, रविवारी रद्द केलं तर सगळंच, हा हिशोब वहीत लिहिलेला होता. सहा वाजून दहाला ग्रुपवर टाकलं, "नाही. पुढची तारीख पक्की." आचाऱ्याला फोन केला, वांगीवाल्याला केला. ग्रुपवर अंगठे कमी, रडणारे चेहरे जास्त.

शनिवारी दुपारी वीस मिनिटं सर पडली, तीही हलकी. रविवारी असं ऊन पडलं की मी घराबाहेर पडायला लाजलो. काका मुद्दाम बाईक काढून शेतावर गेले, मला खोटं पाडायला. तासाभराने चालत परत आले, चपला हातात. मडगार्ड आणि चाकाच्या मधे चिखल असा ठासून बसला होता की चाक फिरेना, गाडी बांधावरच सोडून आले होते.

दोन आठवड्यांनी पार्टी झाली, आभाळ कोरडं, काड्या फटफट पेटल्या, वांगी फुटून वर काळी साल. काका पहिल्या पंगतीला बसले, भरतावर कच्चं तेल ओतून घेतलं आणि शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते की त्या रविवारीही जमलं असतं, हा पोरगा उगाच घाबरला.