परत आलेला एनसीआर

माझा पहिला एनसीआर, म्हणजे काम ठरलेल्या दर्जाचं न उतरल्याची लेखी नोंद, तीन ओळींचा होता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘कॉम्पॅक्शन नीट न झाल्यामुळे क्यूब कमी आले.’ सुधारात्मक कारवाईत, ‘पुढे योग्य ती काळजी घेतली जाईल.’ कन्सल्टंटकडून कागद दुसऱ्याच दिवशी परत आला. मार्जिनमध्ये पेन्सिलने एवढंच: ‘कशावरून?’

पुण्याजवळच्या एका निवासी इमारतीचा स्लॅब होता. एम ३०, म्हणजे २८ दिवसांनी ३० मेगापास्कल ताकद अपेक्षित असलेलं काँक्रीट, एकूण ८६ घनमीटर, सहा घनमीटरच्या टीएमने, म्हणजे फिरत्या ड्रमच्या गाड्यांनी, आणून पंपावर ओतलेला. एवढ्या काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे पाच नमुने लागतात, तेवढे घेतले होते. नमुन्याचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, मशीनवर दाबून फोडतात आणि तीन क्यूबांची सरासरी हा एक निकाल. २८ दिवसांचे पहिले चार निकाल आले ३७.५, ३६.८, २५.३ आणि ३८.१ मेगापास्कल.

आकडे पाहून आमचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, “अहो, सरासरी ३४.४ येतेय. एनसीआर कशाला उघडता?” सरासरी खरंच पास होती. चार सलग निकालांच्या गटाच्या सरासरीला ३० अधिक ०.८२५ गुणिले प्रमाण विचलन, म्हणजे निकालांमधला चढउतार, एवढं लागतं. आमचं स्वतःचं विचलन अजून ठरलेलं नव्हतं, म्हणून एम ३० साठी कोडमधलं ५ धरलं, तर ३४.१, आणि कोडप्रमाणे जवळच्या अर्ध्यावर आणून ३४ येतात. पण याच कलमात दुसरी अटही आहे: कोणताही एक निकाल ग्रेडपेक्षा ३ हून जास्त खाली नको, म्हणजे २७ च्या खाली नको. आमचा २५.३ होता. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. तेव्हापासून एनसीआरच्या पहिल्याच ओळीत मी कोणती अट पाळली गेली आणि कोणती मोडली ते लिहितो. नुसतं ‘क्यूब फेल’ असं लिहिलं की त्यावर वाद घालायला मोकळं रान मिळतं.

मग ‘कशावरून’चं उत्तर शोधायला बसलो. दोष क्यूबचा की काँक्रीटचा, हे आधी ठरवायचं होतं. तीन क्यूब होते २५.१, २६.० आणि २४.७. सरासरीच्या पंधरा टक्क्यांच्या आत असल्यामुळे नमुना अवैध ठरवता येत नव्हता. लॅबच्या रजिस्टरात वजनं पाहिली: ८.०५, ८.०८, ८.०४ किलो. दीडशे मिलिमीटरच्या नीट भरलेल्या क्यूबचं वजन आठ किलोच्या आसपास असतं. नीट ठोकला नसता, म्हणजे कॉम्पॅक्शन कमी पडलं असतं, तर तो साडेसात-पावणेआठवर आला असता, आणि बाजूंना भोकंही दिसली असती. फुटल्यानंतरचे तुकडे लॅबमध्ये ठेवलेले होते. चारही बाजू सारख्या उडालेल्या, मधे डमरूसारखा आकार उरलेला, म्हणजे मशीनवर भार सरळ बसला होता. आणि सात दिवसांचा निकाल? तोही १७.१, बाकीच्या नमुन्यांचे २४-२५. हे मी आधी पाहिलंच नव्हतं. तीन आठवडे आधी रजिस्टर ओरडून सांगत होतं.

म्हणजे माझं ‘कॉम्पॅक्शन’ गेलं. क्यूब बरोबर होते, काँक्रीटच कमकुवत होतं.

तो नमुना टीएम नंबर आठचा. प्लांटकडून बॅच शीट मागवली, तर पाणी, सिमेंट, फ्लाय अॅश सगळं डिझाइनप्रमाणे. मग ओतकामाची नोंद असलेलं पोअर कार्ड आणि गेटची चलनं समोर ठेवून वेळा जुळवल्या. दुपारी पंपाचा पाइप अडकला होता आणि ओतकाम चाळीस मिनिटं थांबलं होतं. सात, आठ आणि नऊ नंबरचे टीएम तेव्हा एकामागे एक उभे होते. आठ नंबर प्लांटवर भरल्यापासून रिकामा होईपर्यंत दोन तास पन्नास मिनिटं गेली होती. आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या, आयएस कोडमध्ये सर्वसाधारण मर्यादा दोन तासांची आहे, आणि आमच्या मिक्समध्ये काँक्रीट घट्ट होणं लांबवणारा रिटार्डर असला तरी कामाच्या करारात अडीच तासांचीच सूट होती.

पुढचा धागा स्लम्प रजिस्टरात सापडला. स्लम्प म्हणजे ओलं काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप. सात, आठ, नऊ, तिन्हींपुढे १२० मिलिमीटर. एकाच पेनाने, एकाच सुरात. वाळत उभ्या राहिलेल्या तीन गाड्यांचा स्लम्प सारखा असेल यावर माझा विश्वास बसेना. पंपावरच्या मामांना चहाला बोलावलं. ते म्हणाले, “घट्ट झालं होतं ना साहेब, पंप ओढेना. ड्रायव्हरनी टाकीतलं पाणी सोडलं. आठला जास्तच, दोनशे-अडीचशे लिटर गेलं असेल.” अडीचशे लिटर म्हणजे घनमीटरमागे चाळीस-एक लिटर. मिक्समध्ये १६० लिटर पाणी आणि ३८० किलो सिमेंट-फ्लाय अॅश. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४२ वरून ०.५३ वर गेलं. २५ चा आकडा मग आश्चर्याचा राहत नाही.

एनसीआरमध्ये मी मामांचं नाव टाकलं नाही. ‘ओतकामावरील कामगाराच्या निवेदनानुसार’ असं लिहिलं, आणि पाण्याच्या आकड्यापुढे ‘अंदाज’ हा शब्द ठेवला. मोजलेलं आणि ऐकलेलं कागदावर वेगळं दिसलं पाहिजे, नाहीतर पुढची बैठक त्या एका आकड्यावरच अडते.

व्याप्तीच्या रकान्यात मी आधी ‘टीएम ८, ६ घनमीटर’ लिहिलं होतं. पण कारण बदलल्यावर व्याप्तीही बदलते. सात आणि नऊमधून नमुना घेतलाच नव्हता, पण त्यांनीही वाट पाहिली होती आणि पाणी त्यांनाही मिळालं होतं. म्हणून अठरा घनमीटर. पोअर कार्डावर प्रत्येक टीएमपुढे ग्रिड, म्हणजे स्लॅबवरची जागा, लिहिलेली असल्यामुळे सी ते डी, ४ ते ६ हा पट्टा नकाशावर रंगवता आला. त्या दिवशी पोअर कार्ड भरणाऱ्या पोराने ग्रिड लिहायचा कंटाळा केला असता, तर अख्खा ८६ घनमीटर संशयात धरावा लागला असता. त्या पट्ट्यावर रचलेले ब्लॉक त्याच संध्याकाळी उचलायला लावले.

मग कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापून काढलेले काँक्रीटचे दंडगोल. कोड किमान तीन म्हणतं. कंत्राटदाराचं म्हणणं, तिन्ही टीएमच्या पट्ट्यांत मिळून तीन घेऊ. पण तसं केलं असतं तर आठच्या कमकुवत काँक्रीटला सात आणि नऊने सांभाळून घेतलं असतं. सरासरीचा तोच खेळ परत. प्रत्येक टीएमच्या भागात तीन, असे नऊ कोअर काढले, सळ्या शोधून, त्या टाळून. आठच्या भागात समतुल्य क्यूब स्ट्रेंग्थ २८.४, २४.९ आणि २८.० आली. सरासरी २७.१; कोडला ८५ टक्के, म्हणजे २५.५ पुरतात, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे २२.५ च्या खाली नको. बसलं. सात आणि नऊ आरामात पास. आकडे पाहून स्ट्रक्चरल कन्सल्टंटनी स्लॅब आहे तसा स्वीकारला.

इथे मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं. कंत्राटदाराने सुधारात्मक कारवाईत लिहून पाठवलं, ‘कोअर घेतले, पास झाले, एनसीआर बंद करावा.’ कोअर ही त्या स्लॅबची चौकशी झाली. पुढच्या स्लॅबला पाणी कोण अडवणार? तो रकाना मी दोनदा परत पाठवला. शेवटी ठरलं ते असं: टीएमच्या पाण्याच्या नळाला गेटवर सील, सील तुटलं तर गाडी परत. स्लम्प कमी पडला तर प्लांटचाच माणूस ठरलेल्या मात्रेत काँक्रीट सैल करणारं अॅडमिक्श्चर घालेल, तेही नोंद करून. पंप अर्ध्या तासाहून जास्त थांबला की प्लांटला फोन, पुढची गाडी भरायची नाही. प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचं पद आणि तारीख.

बंद करताना मी अट घातली की पुढच्या तीन स्लॅबचे सात दिवसांचे निकाल आणि सीलची नोंदवही जोडायची. दुसऱ्या स्लॅबच्या वेळी एका गाडीचं सील तुटलेलं आलं. गाडी परत गेली, कंत्राटदाराचा सुपरवायझर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या गाडीचं चलन मी एनसीआरला जोडलं.