पिन ३ वरचा रेझिस्टर : ७४१ वर बायस करंट सांभाळताना आलेला अनुभव

दहापट गेनचा इन्व्हर्टिंग अँप्लिफायर हवा होता. सिग्नल देणाऱ्या भागावर लोड येऊ नये म्हणून इनपुटचा R1 मोठा, १०० किलोओहमचा घेतला. मग फीडबॅकचा Rf ओघानेच १ मेगाओहम झाला. ऑप-अँप ७४१, सप्लाय ±१५ व्होल्ट, पिन ३ थेट ग्राउंडला. R1 चं इनपुटकडचं टोक ग्राउंड केल्यावर आउटपुट शून्याच्या आसपास यायला हवं होतं. मल्टीमीटरवर आले +८६ मिलिव्होल्ट.

७४१ च्या दोन्ही इनपुटांवर एनपीएन ट्रान्झिस्टर आहेत आणि त्यांच्या बेसना थोडा करंट लागतोच. डेटाशीटमध्ये तो साधारण ८० नॅनोअँपिअर दिलेला असतो, कमाल ५००. पिन २ जवळजवळ शून्य व्होल्टवर आणि R1 चं दुसरं टोकही ग्राउंडवर, त्यामुळे R1 मधून जवळपास काहीच येत नाही. पिन २ ला लागणारा करंट आउटपुटकडून, १ मेगाओहममधून यावा लागतो. ८० नॅनोअँपिअर गुणिले १ मेगाओहम म्हणजे ८० मिलिव्होल्ट. बिघाड कुठेच नव्हता.

पिन ३ सुद्धा तेवढाच करंट घेते, पण ग्राउंडमधून थेट, म्हणून तिथे व्होल्टेज पडत नाही. पिन २ ला जेवढा रेझिस्टन्स दिसतो तेवढाच पिन ३ ला दिला की दोन्हीकडे सारखं व्होल्टेज पडतं आणि ते एकमेकांना काटतं. आउटपुटचा स्वतःचा रेझिस्टन्स नगण्य असल्याने पिन २ च्या दृष्टीने R1 आणि Rf समांतर असतात:

```
R3 = (R1 × Rf) / (R1 + Rf)
   = (100k × 1M) / (1.1M) = 90.9k
```

बाजारात ९१ किलोओहम सहज मिळतो. पिन ३ आणि ग्राउंड यांच्यामध्ये तो लावल्यावर पिन ३ वर −६.४ मिलिव्होल्ट दिसले, म्हणजे ही पिन ७० नॅनोअँपिअर घेत होती. बायस करंट मोजायची ही सगळ्यांत सोपी पद्धत. हे ६.४ मिलिव्होल्ट ११ पटीने, म्हणजे (१ + Rf/R1) ने वाढून आउटपुट सुमारे ७० मिलिव्होल्टने खाली आलं. उरले +१६.

हे १६ कुठले, ते शोधणं महत्त्वाचं. R1 च्या जागी १०० ओहम, Rf च्या जागी १० किलोओहम लावून पिन ३ पुन्हा थेट ग्राउंडला जोडली. एवढ्या लहान रेझिस्टरांवर बायस करंटचा परिणाम १ मिलिव्होल्टच्या आतच राहतो, म्हणून जे दिसतं ते ऑफसेट व्होल्टेज, १०१ पटीने वाढलेलं. आउटपुटवर सुमारे ९२ मिलिव्होल्ट आले, म्हणजे इनपुटला ०.९. मूळ सर्किटमध्ये त्याचे ११ पटीने १० मिलिव्होल्ट होतात. बाकीचे ६ हे दोन पिनांच्या करंटमधल्या फरकाचे, ६ नॅनोअँपिअर गुणिले १ मेगाओहम. हा फरक R3 ने जात नाही.

इथे एक मोह होतो. ९१ च्या जागी १०० किलोओहम लावला तर आउटपुट आणखी खाली, ९ मिलिव्होल्टवर येतं. तरीही R3 असा 'ट्यून' करू नये. त्यात बायस करंटच्या जोरावर ऑफसेट व्होल्टेज दाबलं जातं. बायस करंट तापमानासोबत बदलतो आणि आयसी बदलली की गणितच बदलतं. R3 सूत्रानेच काढावा, ५ टक्के टॉलरन्सचा पुरतो. उरलेल्या ऑफसेटसाठी पिन १ आणि ५ मध्ये १० किलोओहमचा प्रीसेट लावून त्याचं मधलं टोक पिन ४ ला, म्हणजे निगेटिव्ह सप्लायला जोडावं. त्याच प्रीसेटने मुळातले ८६ मिलिव्होल्टही शून्य करता आले असते, पण खोली तापली की ते पुन्हा सरकले असते.

R1 च्या आधी कपॅसिटर असेल तर हिशेब वेगळा. डीसीसाठी R1 ची वाट बंद होते, पिन २ ला फक्त Rf दिसतो, म्हणून R3 सुद्धा १ मेगाओहम हवा. तिथे सवयीने समांतर किंमत लावणं ही नेहमीची चूक. सिग्नल देणाऱ्या सर्किटचा आउटपुट रेझिस्टन्स मोठा असेल, तर तो R1 मध्ये मिळवूनच R3 काढायचा.

९१ किलोओहम स्वतःचा नॉइजही आणतो, आणि तोही ११ पटीने वाढून आउटपुटवर जातो. म्हणून R3 ला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पिन ३ च्या अगदी जवळ लावला. सुमारे १७ हर्ट्झच्या वरचा नॉइज त्यातून ग्राउंडला जातो, डीसी भरपाईला धक्का लागत नाही.

टीएल०७१ सारख्या जेफेट इनपुटच्या ऑप-अँपला R3 देत नाही. तिथे बायस करंट साधारण ६५ पिकोअँपिअर, म्हणजे १ मेगाओहमवर ०.०६५ मिलिव्होल्ट, त्यापुढे त्याचं ऑफसेट व्होल्टेज कितीतरी मोठं. ओपी०७ मध्ये बायस करंटची भरपाई आतच केलेली असते. उरलेले दोन करंट एकसारखे नसतात, कधी उलट दिशेचेही असतात, त्यामुळे R3 ने ऑफसेट वाढूही शकतो. त्याची पिन ३ मी सरळ ग्राउंडला जोडतो.