क्युबिक कॉस्ट, नोंद ३: एमसी एव्हीसीला तळाशी का कापत नव्हती

या आठवड्यात अखेर तिन्ही रेषा जागेवर बसल्या: एमसी म्हणजे उत्पादन जरासं वाढवलं की वाढणारा खर्च, एव्हीसी म्हणजे सरासरी बदलता खर्च आणि एटीसी म्हणजे सरासरी एकूण खर्च. उदाहरण दादरच्या एका छोट्या डबा किचनचं घेतलंय, आकडे माझेच, q म्हणजे आठवड्याचे डबे शेकड्यांत आणि TC म्हणजे एकूण खर्च हजार रुपयांत.

TC = q³ − 6q² + 15q + 32

आधी 15 च्या जागी 10 घेतला होता, तेव्हा q = 2 ला एमसी −2 आली, म्हणजे डबे वाढवले की एकूण खर्च कमी होतो, जे शक्यच नाही, म्हणून तो आकडा वाढवला. 32 म्हणजे गाळ्याचं भाडं आणि पगार, डबा एक असो की पाचशे, ते द्यायचेच. ते बाजूला काढून उरलेल्याला q ने भागलं की AVC = q² − 6q + 15, त्यात 32/q मिळवलं की एटीसी, आणि TC चं डेरिव्हेटिव्ह घेतलं की MC = 3q² − 12q + 15.

एव्हीसीचा तळ q = 3 ला, किंमत 6, म्हणजे डब्यामागे 60 रुपये. एमसीने तिला तिथेच कापायला हवं, कारण एव्हीसीचा उतार (MC − AVC)/q इतका असतो, तळाशी उतार शून्य म्हणजे दोन्ही सारख्या. पण माझ्या शीटमध्ये त्या 3.4 च्या आसपास कापत होत्या! रविवारची अख्खी दुपार फॉर्म्युले तपासण्यात गेली आणि फॉर्म्युले सगळे बरोबर निघाले.

चूक एमसीच्या कॉलममध्ये होती, मी डेरिव्हेटिव्ह न वापरता खालच्या ओळीतून वरची वजा केली होती. 200 वरून 300 डब्यांवर जाताना बदलता खर्च 14 वरून 18 होतो, फरक 4, आणि तो 4 मी q = 3 समोर लिहिला, पण तो तर 2 ते 3 या अख्ख्या टप्प्याचा आहे, त्याची जागा 2.5. खरी एमसी 2.5 ला 3.75 आणि 3 ला 6, त्यामुळे माझी सगळी रेषा अर्ध्या घराने उजवीकडे सरकली होती. शीटमध्येच करायचं असेल तर 3.1 चा खर्च वजा 2.9 चा, भागिले 0.2, उत्तर 6.01 येतं, आलेखावर तेवढा फरक दिसतही नाही.

एटीसीचा तळ q = 4 ला, 15 वर, आणि एमसीही तिथे 15. मग भाडं-पगार 32 ऐवजी 100 करून बघितलं तर एमसी, एव्हीसी जराही हलल्या नाहीत, एटीसीचा तळ मात्र एमसीवरूनच वर चढत q = 5 ला, 30 वर गेला. हे नक्की करून बघा, स्लायडर लावून हळूहळू सरकवलं की तो तळ एमसी सोडतच नाही हे डोळ्यांना दिसतं.