कासव दिसलं तेव्हा बॅटरी चाळीस टक्के होती

माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवरचं पिवळं कासव मला आधीपासून माहीत होतं. चार्ज अगदी संपत आला की बॅटरी वाचवण्यासाठी गाडी मोटरची ताकद कमी करते आणि ते चिन्ह लावते. कडाक्याच्या थंडीत गारठलेल्या बॅटरीमुळे किंवा ती फार तापल्यामुळेही कासव येतं. पण त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. हवा बेताची होती आणि बॅटरी चाळीस टक्के होती. एका लांब चढावर ट्रकला ओलांडायला मी पॅडल दाबलं, कासव आलं आणि गाडीतला जीवच गेला. पाय पूर्ण दाबलेला, तरी वेग उतरतच चाललेला. ट्रक पुढे गेला, मागच्याने हॉर्न वाजवला. मी कडेला घेतलं तेव्हा कासवाच्या शेजारी हाय व्होल्टेज बॅटरीचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचा इशाराही पिवळा पेटला होता.

गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दोन्ही चिन्हं गायब. पुढचा सगळा प्रवास नीट झाला आणि त्यामुळेच मी आठवडाभर काही केलं नाही. आज वाटतं, तो आठवडा वाया घालवायला नको होता. इशारा लाल असता तर मी गाडी जागेवरून हलवली नसती. पिवळा इशारा आणि तोही आपोआप गेलेला, म्हणून मनाला पटवणं सोपं गेलं.

पुढच्या आठवड्यात फास्ट चार्जरवर चार्जिंग सत्तर टक्क्यांच्या आसपास तुटलं. मला वाटलं, चार्जरच खराब आहे. दुसऱ्या ठिकाणी गेले, वेगळ्या बनावटीचा चार्जर होता. तिथेही सत्तरच्या जवळ तुटलं. तिसऱ्या ठिकाणी तेच. तीन वेगवेगळे चार्जर एकाच टक्क्यावर बिघडत नाहीत, हे तेव्हा डोक्यात शिरलं. गंमत म्हणजे घरच्या साध्या चार्जरवर गाडी रात्रभरात शंभर टक्के भरत होती. त्यामुळे ‘बॅटरी खराब असती तर घरीही भरली नसती’ असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. खरं तर दोष ओळखायची किल्ली त्या फरकातच होती, पण ते कळायला वेळ लागला.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्या फेरीत त्यांनी बारा व्होल्टची छोटी बॅटरी तपासली. ते योग्यच केलं, कारण ती अशक्त झाली की डॅशबोर्डवर हाय व्होल्टेजसकट वाट्टेल ते इशारे पेटतात. माझी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट होती आणि गाडी चालू करून READY दिसताना १४.३, म्हणजे ठणठणीत. मग स्कॅनर लावला. इन्सुलेशनच्या दोषाचा कोड, म्हणजे P0AA6, नव्हता. तो असता तर गोष्ट वेगळी होती: हाय व्होल्टेजची गळती गाडीच्या सांगाड्यापर्यंत येते आहे असा त्याचा अर्थ होतो आणि मग गाडी चालवायचीच नाही. माझ्या गाडीत सेलच्या व्होल्टेजमधल्या तफावतीचा कोड होता. मेकॅनिकने तो पुसला, बॅटरीचं आरोग्य ९१ टक्के दाखवलं आणि म्हणाला, “मॅडम, बॅटरी उत्तम आहे.”

इथे माझी एक चूक झाली. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली माहिती मी मागून घ्यायला हवी होती. कोड पडला त्या क्षणी किती करंट चालू होता, सर्वांत कमी व्होल्टेजचा सेल कोणता, हे गाडीने नोंदवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं. आणि आरोग्याचे ते ९१ टक्के म्हणजे बॅटरीत किती वीज मावते याचा अंदाज. ती वीज वाटेत कुठे अडते आहे का, हे तो आकडा सांगत नाही.

मग मी डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये लावायचा एक ब्लूटूथ डोंगल आणि माझ्या गाडीचे सेल वाचणारं अ‍ॅप घेतलं. माझ्या बॅटरीत सेलचे ९६ गट एकामागे एक जोडलेले आहेत आणि अ‍ॅप प्रत्येक गटाचा व्होल्टेज वेगळा दाखवतं. उभ्या गाडीत सगळे ३.७० व्होल्टवर, अगदी एका रांगेत. म्हणजे सर्व्हिस सेंटरलाही उभ्या गाडीत काही दिसणं शक्य नव्हतं.

तेव्हा भावाला शेजारी बसवलं आणि तोच चढ पुन्हा चढायला घेतला. फोन त्याच्या हातात, माझी नजर रस्त्यावर. अ‍ॅप आकडे सावकाश बदलतं. करंट या क्षणाचा आणि व्होल्टेज मागच्या क्षणाचा असं होऊ शकतं, म्हणून पॅडल दहा सेकंद एकाच जागी धरायचं आणि मगच आकडा लिहायचा, असं ठरवलं. १०० अँपिअरला बाकीचे गट ३.६२ वर होते. भाऊ म्हणाला, “ताई, सदतीस नंबर एकटाच खाली आहे, ३.३९.” २०० अँपिअरला बाकीचे ३.५४ आणि सदतीस ३.०९. त्याच क्षणी कासव आलं. मी पाय उचलला, करंट शून्यावर आला आणि सदतीस नंबर पटकन इतरांच्या रांगेत जाऊन बसला.

त्या रात्री मी ते आकडे कागदावर मांडले. सेल अशक्त होण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. एखाद्या गटात वीजच कमी मावत असेल तर तो बाकीच्यांच्या आधी भरतो आणि आधी रिकामा होतो: पूर्ण भरलेल्या बॅटरीत, गाडी उभी असतानाही तो वर दिसतो आणि चार्ज उतरल्यावर खाली. एखादा गट आतल्या आत झिरपत असेल तर तो भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही वेळी खाली राहतो. माझा गट विश्रांतीत कुठेच वेगळा नव्हता. त्याचा फरक फक्त करंटबरोबर येत होता आणि करंटबरोबर जात होता.

आणि तो करंटच्या अगदी प्रमाणात होता. १०० अँपिअरला ०.२३ व्होल्ट, २०० अँपिअरला ०.४५. व्होल्टला अँपिअरने भागलं की दोन्ही वेळा साधारण सव्वादोन मिलिओहम रोध येतो. म्हातारा झालेला सेल असा वागत नाही. त्याचा व्होल्टेज भार असेपर्यंत हळूहळू घसरत राहतो आणि पाय उचलल्यावर वर यायलाही वेळ घेतो. एवढा सरळ आणि तत्काळ फरक पडतो तो एखाद्या सांध्यात: दोन धातूंच्या मध्ये कुठेतरी पकड सुटलेली.

उतारावर मोटरने ब्रेक लावताना करंट उलटा, बॅटरीत जातो. दुसऱ्या दिवशी मी तेही पाहिलं. ६० अँपिअर आत जाताना सदतीस नंबर इतरांपेक्षा ०.१३ व्होल्ट वर! तोच सव्वादोन मिलिओहम, फक्त दिशा उलट. चार्जिंगचं कोडंही इथेच सुटलं. फास्ट चार्जरवर साधारण ११० अँपिअर जात होते. सत्तर टक्क्यांजवळ बाकीचे गट ३.९७ वर असताना सदतीस ४.२१ दाखवायचा. तो गट काठोकाठ भरला असं समजून गाडी चार्जिंग थांबवत होती. घरच्या चार्जरवर जेमतेम १८ अँपिअर जातात, तिथे हाच फरक ०.०४ व्होल्ट होतो आणि गाडी तो सहज चालवून घेते.

याची भीती मला वेगळ्याच कारणाने वाटली. २०० अँपिअर सव्वादोन मिलिओहममधून गेले की त्या एका सांध्यावर ९० वॅट उष्णता तयार होते. इतर सेलच्या गर्दीत, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, एका नटाएवढ्या जागेत. त्या दिवसापासून मी फास्ट चार्जिंग पूर्ण थांबवलं, करंट ६० अँपिअरच्या वर जाऊ दिला नाही आणि लांबचे प्रवास रद्द केले.

दुसऱ्या फेरीला मी तो कागद, फोनवरचा व्हिडिओ आणि एकच मागणी घेऊन गेले: स्कॅनर लावून माझ्यासोबत चढावर चला. सुरुवातीला बॅटरीचा पूर्ण पॅक बदलावा लागेल असं सांगण्यात आलं. मी कागद पुढे केला. त्यांच्यातले एक ज्येष्ठ तंत्रज्ञ तो शांतपणे वाचत राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “प्रत्येक मॉड्यूलमध्ये बारा गट आहेत ना?” मॉड्यूल म्हणजे पॅकमधला गटांचा एक ठोकळा. बारा त्रिक छत्तीस. म्हणजे सदतीस हा चौथ्या मॉड्यूलचा पहिला गट, तिसऱ्या आणि चौथ्या मॉड्यूलला जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीला, म्हणजे बसबारला लागून. व्होल्टेज मोजणारी तार बसबारच्या पलीकडून निघत असेल तर त्या सांध्यातला दोष सदतीस नंबरच्या नावावर चढतो. “सेल बिचारा निर्दोष असेल,” असं ते म्हणाले. ते माझ्यासोबत चढावर आले आणि त्यांच्या स्कॅनरवरही तेच आकडे उमटले.

पॅक उघडण्याचं काम घरी करायचं नसतं. साडेतीनशे व्होल्टचा डीसी करंट एका क्षणात जीव घेतो आणि पॅकचा वीजमार्ग तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही पॅकच्या आत सेलचा व्होल्टेज तसाच असतो. त्यांनी प्लग काढला, कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटं थांबले, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातले आणि पॅकच्या बाहेरच्या जोडण्यांवर मीटरने शून्य पाहूनच हात लावला. मी पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभी होते. नंतर त्यांनी मला तो बसबार आणून दाखवला. बाकीचा तांब्याचा पत्रा चकचकीत, पण एका भोकाभोवती निळसर-तपकिरी वलय. त्यावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाची कड मऊ होऊन वाकलेली. नट हाताने फिरत होता.

बसबार, नट आणि झाकण बदललं, टॉर्क रेंचने ठरलेल्या मापावर आवळलं आणि शेजारचे सगळे सांधे मिलिओहम मीटरने तपासले. उष्णतेने सेलला इजा झाली नाही ना, हे पाहायला शेजारच्या दोन्ही मॉड्यूलची क्षमता मोजली, ती ठीक निघाली. काम वॉरंटीत झालं, पण त्यासाठीही बोलावं लागलं. क्षमता ठरावीक टक्क्यांखाली गेली तरच वॉरंटी, असं आधी सांगितलं होतं. माझ्या वॉरंटीपत्रात क्षमता घटण्याचं कलम वेगळं आणि निर्मितीतल्या दोषाचं कलम वेगळं होतं. सैल राहिलेला नट दुसऱ्या कलमात बसतो.

गाडी ताब्यात घेतली त्या संध्याकाळी भाऊ पुन्हा शेजारी बसला. तोच चढ, २०० अँपिअर, दहा सेकंद. बाकीचे गट ३.५५, सदतीस ३.५४.